राखायला दिलेला फोन

रुची पाचवीत गेली त्या जूनमध्ये तिच्या शाळेच्या गाडीचं टायर फुटलं आणि आमच्या घरात फोनचा विषय निघाला.

आम्ही दवनीवाड्याचे. रुचीची शाळा गोंदियाला, वीस-बावीस किलोमीटरवर. गावातून सात मुलं उदारामच्या व्हॅनने जायची. साडेपाचला परत येणारी व्हॅन त्या दिवशी साडेसात वाजता आली. स्टेपनीही पंक्चर, उदारामच्या फोनला रेंज नाही, आणि आम्ही सात घरची माणसं चौकात उभी. पोरं उतरली ती हसत, कुरकुऱ्यांची पाकिटं हातात घेऊन. पण माझे सासरे चौकातून घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि शिवलाल बिसेन बोलत नाहीत तेव्हा काहीतरी ठरवत असतात, हे मला अकरा वर्षांत कळलं होतं.

जेवताना ते म्हणाले, "धनेंद्र, पोरीचं नाव काढ तिथून. गावात शाळा आहे."

धनेंद्र, म्हणजे माझे मिस्टर, वरणात पोळी बुडवत राहिले. ते वडिलांसमोर वरणात पोळीच बुडवतात.

मीच म्हटलं, "मामाजी, एक दिवस उशीर झाला म्हणून?"

"एक दिवस कायचा? त्यातला बारा किलोमीटर जंगल-बांध्यांचा रस्ता. पोरीची जात. दोन घंटे आपल्याले मालूम नाई ते कोठी आहे. तुले झोप येते का असं?"

मला झोप येत नव्हतीच. मला तर ती शाळेत असतानाही झोप येत नसे. पण ती शाळा मी भांडून मिळवली होती. मी स्वतः बी.एस्सी. केलं ते गोंदियाला मावशीकडे राहून. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आत माझं लग्न लागलं. गुणपत्रिका मी सासरी आल्यावर पोस्टाने मागवली. रुचीच्या बाबतीत मी एकच ठरवलं होतं, की तिचं शिक्षण कोणाच्या सोयीने थांबणार नाही.

म्हणून मी बोलून गेले, "तिला एक फोन घेऊन देऊ. कुठे आहे, काय आहे, लगेच कळेल."

सासूबाई चुलीकडून म्हणाल्या, "दहा वर्साच्या पोरीले फोन?"

मामाजींनी हात धुतले, पंच्याला पुसले. "घ्या. पण आयकून ठेव, दुर्गेश्वरी. अजून एकडाव पोरीचा पत्ता नाई लागला, तं मी कोणाले विचारणार नाई. नाव काढीन."

म्हणजे तो फोन रुचीच्या शाळेचा जामीन होता. हे घरात सगळ्यांना कळलं होतं, फक्त रुचीला सोडून. ती तेव्हा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, फोनचा रंग कोणता असेल.

मग मी कामाला लागले. दोन हजार तेराचं साल. वर्तमानपत्राच्या पुरवणीत दर आठवड्याला मोबाइलचं पान यायचं, त्याची कात्रणं काढली. माहेरच्या पुतण्याकडून माहिती घेतली. रुचीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखले. टिकाऊपणा, आकार, स्क्रीन, किंमत. मुलगी दहा वर्षांची, हात लहान, म्हणून फोन लहान हवा. बॅगसकट सगळं आपटणारी, म्हणून मजबूत हवा. डोळ्यांना उणे अडीचचा चष्मा, म्हणून अक्षरं मोठी आणि स्क्रीन स्वच्छ हवी. आणि हरवला तर घरात रडारड होऊ नये इतका स्वस्त हवा. लिहून झाल्यावर लक्षात आलं, की यातले तीन रकाने एका फोनकडे बोट दाखवतात आणि चौथा दुसऱ्याच फोनकडे.

सासूबाईंनी वही न बघताच निकाल दिला होता. त्यांच्याकडे बटनांचा फोन होता. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तो बांधीतल्या चिखलात पडला, तरी धुऊन, तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवून चालू झाला होता. त्या म्हणाल्या, "माह्यासारखा घे. हात ओला असो, चिखलाचा असो, बटन दाबलं का लागते."

"आत्याबाई, तुमच्या फोनवर अक्षरं दिसत नाहीत."

"मले कोठी वाचायचं आहे? मले बोलायचं आहे."

हे उत्तर मी तेव्हा अडाणीपणाचं समजले.

रविवारी आम्ही तिघं मोटारसायकलवर गोंदियाला गेलो. टेकचंदचं मोबाइलचं दुकान बाजाराच्या तोंडाशी. गोरा, जाड, कपाळावर चष्मा, आणि बोलणं अर्धं हिंदीत. धनेंद्रचं बियाणं-खताचं दुकान असल्यामुळे दोघांची ओळख जुनी.

"आओ बिसेनजी. किसके लिए?"

"हिच्यासाठी," धनेंद्र म्हणाले.

टेकचंदने काउंटरवरून वाकून रुचीकडे पाहिलं. "अरे वा, मॅडमसाठी. गाना पाहिजे, गेम पाहिजे?"

"आई ओरडेल," रुची म्हणाली, आणि टेकचंद पोट धरून हसला.

मी वही काढली. त्याने वही पाहिली आणि त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला. पण माणूस जाणकार होता. त्याने दोन फोन काढून समोर ठेवले.

पहिला बटनांचा. पावणेदोन इंचाचा स्क्रीन, वजन जणू नाहीच. किंमत चौदाशे. "बॅटरी चार दिन, पाच दिन. तुमच्याकडे लाईन जाते ना? टेन्शन नाही." त्याने तो काउंटरवरून खाली फरशीवर टाकला. मी दचकले. बॅटरी एकीकडे, झाकण एकीकडे. त्याने जोडून चालू केला. "दोन नंबरचं बटन दाबून धरायचं, सीधा आईला फोन. स्पीड डायल. झोपेत पण लागेल."

रुचीने तो हातात घेतला. तिच्या मुठीत पूर्ण मावला. अंगठा सगळ्या बटनांवर पोचत होता. मी वहीत दोन खुणा केल्या, मग तिसरी.

"आई, यात काय लिहिलंय?" तिने फोन नाकाजवळ नेला.

दुसरा फोन टच स्क्रीनचा. साडेतीन इंची. किंमत बावन्नशे. टेकचंदने चालू केला आणि त्या काळ्या काचेतून रंग वर आले. अक्षरं मोठी, ठसठशीत. रुची हात लांब ठेवून वाचू लागली. मी तो उन्हात नेऊन पाहिला. फिका पडत होता, पण दिसत होतं. तिरका धरून पाहिला. तिरका धरला की रंग उलटे व्हायचे, पण मुलगी समोरूनच बघणार. तिच्या हाताला तो थोडा मोठा होता, अंगठा वरच्या कोपऱ्यात पोचत नव्हता. बॅटरी रोज चार्ज करावी लागणार.

"हा टाकून दाखवा ना," मी म्हटलं.

टेकचंदने कानाला हात लावला. "भाभीजी, ये गिराने की चीज नहीं. डिस्प्ले गेला तर दोन हजार. कवर टाकून देतो, गार्ड लावून देतो, फिर संभालना अपना."

खरं तर इथेच वही बंद करायला हवी होती. चारांतले तीन रकाने बटनाच्या फोनने जिंकले होते. पण धनेंद्र माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "तिच्या शाळेत डॉक्टरांची पोरं आहेत. आपण चौदाशेचा डबा देऊन राहिलो असं नको व्हायला. आणि घरी आल्यावर माझ्याही कामात येईल. कंपनीवाले आता बियाण्यांचे फोटो नेटवर पाठवून राहिले."

मी त्यांच्यावर ढकलू शकते. पुष्कळदा मनात ढकललंही आहे. पण ते बोलले तेव्हा तो टचचा फोन माझ्या हातात होता, आणि मला तो परत काउंटरवर ठेवावासा वाटत नव्हता. एवढंच खरं आहे. माझ्या आयुष्यात तेवढी स्वच्छ वस्तू माझ्या हातात आली नव्हती. मी स्वतःला सांगितलं, डोळे महत्त्वाचे, चष्म्याचा नंबर वाढेल. आणि टेकचंदला म्हटलं, "हाच द्या."

बिल करताना टेकचंदने फोनचं मागचं झाकण काढलं, बॅटरी उचलली आणि नखाने आत दाखवलं. टिकलीएवढा पांढरा ठिपका. "ये देखो. पाणी गेलं की हा लाल होतो. लाल झाला की वॉरंटी खतम. कंपनी हात पण लावणार नाही. मग मेरे पास मत आना."

रुचीने तो ठिपका नीट पाहिला. मीही पाहिला. बावन्नशे रुपये आणि ती टिकली.

घरी आल्यावर सासूबाईंनी फोनला हळद-कुंकू लावलं. आमच्याकडे नवीन वस्तूला लावतात, ट्रॅक्टर असो की मिक्सर. मी घाईने पदराने पुसलं. "आत्याबाई, काचेत जाईल ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुंकवाचा करंडा बंद केला.

त्या रात्रीपासून आमच्या घरात रुचीला फोन वापरायला कोणी शिकवलं नाही. सगळ्यांनी जपायला शिकवलं.

बाबा म्हणाले, कोणाच्या हातात देऊ नको. आजोबा म्हणाले, गाडीत काढू नको, लोकं पाहतात. शाळेने चिठ्ठी पाठवली होती, की पालकांच्या विनंतीवरून परवानगी देत आहोत, वर्गात फोन बंद करून दप्तरात राहील, शाळा सुटल्यावरच चालू करायचा, वर्गात दिसला तर जप्त होईल. आणि मी? मी तर सकाळी डबा देताना, संध्याकाळी दप्तर घेताना, रोज. पाडलास तर फुटेल. ओला झाला तर गेला. बावन्नशेचा आहे, रुची. लक्षात ठेव, ठिपका लाल झाला तर संपलं.

ती लक्षात ठेवणारी मुलगी आहे. पाढे, कविता, शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची नावं, सगळं पहिल्या खेपेत. संध्याकाळी आली की हात धुऊन, पुसून, ती फोनचं झाकण काढायची, बॅटरी उचलायची आणि मला दाखवायची. "पांढरा आहे." मी म्हणायची, शहाणी माझी. मग तो फोन तिचे बाबा घेऊन ओसरीत बसायचे, बियाण्यांचे फोटो बघत.

पहिल्या आठवड्यात तिने शाळेतून निघताना दोनदा फोन केला होता. "आई, निघालो." दुसऱ्या आठवड्यात एकदा. मग नाही. मी विचारलं तर म्हणाली, "काढला तर सगळे मागतात." मला ते शहाणपणाचं वाटलं.

ऑगस्टमध्ये, नागपंचमीनंतरच्या मंगळवारी, सकाळपासून झड लागली होती. दुपारी जोर वाढला. रोवणी उरकलेल्या बांध्या भरून पाणी रस्त्यावर येत होतं. साडेपाच झाले, व्हॅन आली नाही. पाऊस आहे, हळू येत असेल, असं म्हणत मी पावणेसहापर्यंत थांबले. मग रुचीला फोन लावला.

घंटी गेली. पूर्ण गेली. बाईचा आवाज आला, ग्राहक उत्तर देत नाही.

परत लावला. परत घंटी.

उदारामचा लावला. बंद.

फोन बंद लागला असता तर माणूस म्हणतो, बॅटरी संपली असेल, रेंज नसेल. पण तिचा फोन वाजत होता. कुठेतरी, पावसात, तो फोन चालू होता आणि माझी मुलगी तो उचलत नव्हती. वाजूनही न उचलण्याला साधं कारण मला सापडेना, आणि जी सापडत होती ती मी इथे लिहिणार नाही.

मामाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "स्पीकरवर टाक," ते म्हणाले. मी टाकला. दोघं ती घंटी ऐकत राहिलो. सासूबाई देवघरात गेल्या. धनेंद्र मोटारसायकल घेऊन निघाले आणि अर्ध्या तासाने चिंब होऊन परत आले. वाटेतल्या नाल्यावरून कमरेएवढं पाणी चाललंय, पलीकडचं काही दिसत नाही. एकोणीस वेळा फोन लावला मी. मामाजी मोजत होते, मला माहीत नव्हतं.

सव्वाआठला पाणी उतरलं आणि एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्रीखाली सातही पोरं आली.

काय झालं ते उदारामने चौकातच सांगितलं. नाल्याचं पाणी किती आहे ते बघायला तो आत उतरला, पाय घसरला, गळ्यापर्यंत बुडाला. खिशातला फोन गेला. व्हॅन मागे घ्यायला गेला तर ती चिखलात रुतली आणि आत पाणी येऊ लागलं. पोरांना त्याने पायी अर्धा किलोमीटर मागे, रस्त्यावरच्या पत्र्याच्या निवाऱ्यात नेऊन बसवलं. पत्रा गळका. सगळ्यात मोठी रिंकी, आठवीतली, तिच्यावर बाकीच्यांना सोपवून हा ट्रॅक्टर शोधायला गेला. "माह्यापाशी फोन असता तं मी कळवलं नसतं का, दादा," तो मामाजींना सारखा म्हणत होता. त्याला माहीतच नव्हतं, की त्या निवाऱ्यात एक फोन आहे.

रुचीचे ओठ निळे पडले होते. मी तिला घरात आणून तिचे केस पुसत होते. चष्म्याच्या काचा मी पुसल्या. ती थरथरत होती, पण तिची पहिली धडपड दप्तर उघडायची होती. दप्तर तिने स्वतःच्या रेनकोटात गुंडाळलं होतं. ती रेनकोटाशिवाय बसली होती, अडीच तास. दप्तरातून डबा काढला. स्टीलचा, घट्ट झाकणाचा. डब्यात रुमाल. रुमालात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत फोन.

"बघ आई, कोरडा आहे." तिने झाकण काढलं, बॅटरी उचलली. "पांढरा आहे बघ."

मी पाहिलं नाही. दारात मामाजी उभे होते.

"काऊन उचलला नाई, बाळा?" त्यांनी विचारलं. आवाज मऊ होता.

ती उत्तर द्यायच्या आत मी म्हटलं, "रेंज नसेल तिथे, मामाजी."

"घंटी जाऊन राहिली होती. एकोणीसडाव. मी आयकत होतो." ते तिच्याजवळ बसले. "तुले आयकू आली का घंटी?"

"हो. रिंकीदीदी पण म्हणाली, उचल. पण माझे हात ओले होते ना आबाजी. आणि वरून गळत होतं. डबा उघडला असता तर पाणी गेलं असतं." ती माझ्याकडे वळली. तिला वाटलं, हे उत्तर मला आवडेल. "उदारामकाकांचा फोन पाण्याने मेला, मी पाहिलं. ते बटन दाबत होते, दाबत होते, लागलाच नाही. आपला बावन्नशेचा आहे."

धनेंद्र ओल्या कपड्यांत भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी फोन तिच्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि मग लाज वाटल्यासारखा पलंगावर ठेवला.

सासूबाईंनी रुचीला गोधडीत घेतलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुमी पोरीले फोन नाई देल्ला. फोन राखाले देल्ला."

रुचीला तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी तो उतरला आणि मामाजींनी धनेंद्रला हाक मारली.

मी आतून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले. म्हटलं, "मामाजी, चूक माझी आहे. रुचीची नाही, शाळेची नाही, उदारामची पण नाही. मी तिला घाबरवून ठेवलं. फोन मी चुकीचा निवडला. मी उद्या जाते आणि बटनाचा घेऊन येते. आत्याबाईंसारखा. चौदाशेचा. फुटला तर फुटला, भिजला तर भिजला. मी तिला सांगेन, तू उचल फक्त."

ते शांतपणे ऐकत होते. ते वाईट माणूस नाहीत, हे मला लिहिलं पाहिजे. त्या संध्याकाळी माझ्या शेजारी उभे असताना दर घंटी संपली की तेच म्हणत होते, अजून एकडाव लाव.

"पोरी, मी चूक कोणाची हे विचारलं का?" ते म्हणाले. "एकडाव टायर. एकडाव नाला. तिसऱ्याडाव काय होते ते मी पाहात नाई. तू म्हणली फोन घेऊ. घेतला. म्हणली पत्ता लागन. लागला का?"

"बटनाचा असता तर लागला असता."

"असता," ते म्हणाले.

मी धनेंद्रकडे पाहिलं. नुसतं एकदा. म्हणा ना काहीतरी. दुकानात माझ्या कानाशी येऊन बोलता आलं होतं. ते खाली बघत म्हणाले, "यंदा राहू दे. पुढच्या वर्षी पाहू." आमच्या घरात पुढच्या वर्षी कधी कोणी काही पाहिलेलं नाही.

तरी मी दुसऱ्या दिवशी एसटीने गोंदियाला गेले. टेकचंदला सांगितलं, हा घ्या, तो द्या. त्याने फोन तपासला. "एकदम नवा जैसा. दो महिने में इतना साफ? वापरला नाही काय?" तो बदलून द्यायला तयार होता, वर काही पैसेही देणार होता. मी सिम काढायला झाकण उघडलं, तर दुसऱ्या खाचेत धनेंद्रचं दुकानाचं सिम होतं. ताप असतानाच कधीतरी टाकलं असेल. तेवढ्यात तो फोन माझ्या हातात वाजला. कोणी शेतकरी होता, विचारत होता, युरिया आला का.

मी त्याला सांगितलं, दुकानावर विचारा. फोन पर्समध्ये टाकला आणि परत आले. चौदाशेचा फोन घेतला असता तरी तो कोणत्या शाळेत जाणार होता?

दाखला काढायला आम्ही तिघं गेलो, पुन्हा मोटारसायकलवर. शाळेतल्या बाबूने रजिस्टर पुढे सरकवलं. "चांगली मुलगी आहे हो," तो म्हणाला. "अधेमधे काऊन काढता?" शाळा सोडण्याच्या कारणाची एक ओळ होती, माझ्या करंगळीएवढी. धनेंद्रनी पेन मला दिलं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. मी तिथे 'घरगुती' असं लिहिलं आणि खाली सही केली.

वर्गातून रुची दप्तर घेऊन आली. मैत्रिणींनी तिला एक कागद दिला होता, सगळ्यांच्या सह्यांचा. तिला वाटत होतं, आपण आजीजवळच्या शाळेत जातोय, दुपारी घरी जेवायला यायचं, त्यात वाईट काय. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगणार नव्हते, की गावातली शाळा सातवीपर्यंत आहे, आणि सातवीनंतर काय, हे पुन्हा त्याच ओसरीत ठरेल.

फाटकापाशी आलो. धनेंद्र गाडी काढायला गेले. रुचीने माझा हात धरला.

"आई, तिकडे फोन न्यायचा नाही ना?"

"नाही."

"म्हणजे आता तो माझ्याकडे नसणार? अजिबात?"

"अजिबात नाही. बाबांकडे राहील."

तिने मोठा श्वास सोडला. दहा वर्षांच्या मुलीच्या छातीत एवढा श्वास असतो, मला माहीत नव्हतं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि रिकामे हात हलवत, उड्या मारत गाडीकडे गेली.